एचआरला रिझ्युमे पाठवताना: फाइल कोणती, नाव काय आणि मेलमध्ये काय लिहायचं

मेलने पाठवलेला रिझ्युमे एचआरकडे तीन ठिकाणी दिसतो. आधी मेलबॉक्समध्ये, विषयाच्या ओळीखाली. मग तो डाउनलोड होऊन इतर उमेदवारांच्या फाइलींसोबत एका फोल्डरमध्ये पडतो. मोठी कंपनी किंवा कन्सल्टन्सी असेल, तर तिथून तो भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवला जातो. हे सॉफ्टवेअर त्यातला मजकूर वाचून नाव, फोन, अनुभव आणि कौशल्यं वेगवेगळ्या रकान्यांत भरतं. फाइलचा प्रकार, तिचं नाव आणि मेलचा मजकूर ठरवताना या तिन्ही जागा डोळ्यांसमोर ठेवल्या की काय करायचं हे आपोआप कळत जातं.

भरतीच्या कामात मी रोज अशा फाइली उघडते. चांगला अनुभव असलेला माणूस मागे पडतो, तेव्हा कारण बरेचदा साधं असतं. फाइलमध्ये मजकुराऐवजी चित्र असतं, नाव नुसतं `Resume.pdf` असतं किंवा मेल कोराच असतो. म्हणून एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेऊ. समजा, स्नेहल जाधव नावाची उमेदवार आहे. बी.कॉम. झालेली, नाशिकमधल्या एका सीए कार्यालयात 3 वर्षं काम करणारी. वर्तमानपत्रात सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याची मराठी जाहिरात आली आहे: अकाउंट्स असिस्टंट पाहिजे, टॅली व जीएसटीचं काम यायला हवं, टीडीएस व ई-वे बिलाची माहिती असावी, 2 ते 4 वर्षं अनुभव, अपेक्षित पगार कळवावा, रिझ्युमे ई-मेल करावा. स्नेहल आणि ही जाहिरात दोन्ही काल्पनिक आहेत, पण अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील.

पीडीएफ की वर्ड?

जाहिरातीत काही सांगितलं नसेल तर पीडीएफ पाठवा. वर्डची फाइल उघडणाऱ्याच्या संगणकावर अवलंबून असते. तुमचा फाँट तिथे नसेल तर दुसरा बसतो, ओळी सरकतात आणि एका पानाचा रिझ्युमे दीड पानाचा होतो. मोबाइलवर उघडला तर तक्ते विस्कटतात. पीडीएफ सगळीकडे सारखीच दिसते आणि फॉरवर्ड होताना कुणाच्या हातून चुकून एखादं अक्षर पुसलं जाण्याची भीती कमी असते.

वर्डची फाइल दोनच प्रसंगी पाठवायची. जाहिरातीत तसं स्पष्ट लिहिलं असेल तेव्हा, आणि कन्सल्टन्सीने मागितली असेल तेव्हा. कन्सल्टन्सीला ती का हवी असते हेही माहीत असावं. तिथले लोक तुमचा फोन आणि ई-मेल काढून, रिझ्युमे आपल्या ठरलेल्या साच्यात बसवून, स्वतःच्या नावाने कंपनीकडे पाठवतात. पीडीएफमध्ये हे काम किचकट होतं. तेव्हा मागितली तर निःशंक द्या, पण ती `.docx` असू द्या. जुनी `.doc`, ॲपलची `.pages` किंवा लिब्रेऑफिसची `.odt` पाठवू नका. नोकरीची संकेतस्थळंही बहुधा वर्ड आणि पीडीएफ दोन्ही घेतात, मात्र आकाराची मर्यादा असते. नोकरी डॉट कॉमवर ती 2 एमबी आहे.

म्हणजे मूळ रिझ्युमे वर्डमध्ये किंवा गूगल डॉक्समध्ये ठेवायचा आणि प्रत्येक अर्जासाठी त्यातून पीडीएफ काढायची. वर्डमध्ये `File`, मग `Save As`, आणि प्रकारात `PDF` निवडा. गूगल डॉक्समध्ये `File`, `Download`, `PDF Document (.pdf)`. वर्डमधून `Print` करून पीडीएफ काढली तरी मजकूर येतो, पण ई-मेल किंवा लिंक्डइनच्या लिंका बरेचदा निर्जीव होतात. म्हणून `Save As`चा रस्ता बरा.

छापलेला रिझ्युमे मोबाइलने स्कॅन करून पाठवू नका. स्कॅनिंग ॲप पीडीएफ देतं खरं, पण त्या पीडीएफमध्ये सहसा अक्षरं नसतात, अक्षरांचा फोटो असतो. माणसाला तो वाचता येतो, पण सॉफ्टवेअरला त्यातून बहुधा काहीच मिळत नाही. महिनाभराने एचआरने `GSTR-3B` असं शोधलं तर तुमची फाइल त्या यादीत येत नाही. कॅनव्हातून काढलेल्या पीडीएफमध्ये मजकूर साधारणपणे मजकूरच राहतो, पण डाउनलोड करताना `Flatten PDF`चा पर्याय दिसला तर तिथे खूण करू नका. त्याने सगळं पान एकच चित्र होऊन जातं.

नोटपॅडची परीक्षा

फाइल खरी आहे की फोटो, हे दोन मिनिटांत कळतं. पीडीएफ संगणकावर उघडा, `Ctrl+A` आणि `Ctrl+C` दाबा, नोटपॅड उघडून `Ctrl+V` करा. नोटपॅडमध्ये काहीच उतरलं नाही तर ती चित्राची फाइल आहे. उतरलं असेल तर ते वरपासून खालपर्यंत वाचा, कारण भरतीचं सॉफ्टवेअर साधारण असंच काहीतरी वाचतं.

इथे सगळ्यात जास्त दगा देतात ते दोन रकान्यांचे आकर्षक साचे. डावीकडे नाव, फोन, पत्ता आणि उजवीकडे कौशल्यं, अशी मांडणी डोळ्यांना छान दिसते. पण ओळ वाचताना डावं आणि उजवं एकत्र होऊ शकतं. स्नेहलने आधी असा साचा घेतला असता, तर नोटपॅडमध्ये तो असा उतरला असता:

```
Snehal Jadhav SKILLS
Accounts Assistant TallyPrime
Nashik GSTR-1, GSTR-3B
B.Com. 2021 Bank Reconciliation
```

यातून सॉफ्टवेअर पदवीच्या रकान्यात काय भरेल, सांगता येत नाही. म्हणून एकच रकाना, वरून खाली सरळ: नाव, फोन, ई-मेल, गाव, मग अनुभव, मग शिक्षण, मग कौशल्यं. दिसायला साधा वाटतो, पण वाचणाऱ्या माणसालाही तोच सोपा जातो.

नोटपॅडमध्ये आणखी तीन गोष्टी तपासा. पहिली म्हणजे फोन नंबर उतरला का. फोन आणि ई-मेल वर्डच्या `Header`मध्ये टाकलेले असतील तर काही सॉफ्टवेअर तो भाग वाचतच नाहीत. पानाच्या मुख्य मजकुरात, नावाखाली, ते लिहा. फोनच्या लहानशा चित्राऐवजी सरळ `Mobile` असा शब्द घाला, कारण चित्राच्या जागी नुसती चौकट उतरते. दुसरी म्हणजे `ti` आणि `fi` अशी जोडून छापली जाणारी अक्षरं. काही फाँटमध्ये पीडीएफ काढताना ती जोडी हरवते आणि `Certification`मधली मधली अक्षरं गायब होतात. पीडीएफमध्ये `Ctrl+F` दाबून तो शब्द शोधा. समोर दिसतोय पण सापडत नाही, असं झालं तर फाँट बदलून पुन्हा पीडीएफ काढा.

तिसरी गोष्ट खास आपल्याकडची. रिझ्युमे मराठीत असेल आणि तो डीटीपीच्या दुकानात टाइप करून घेतला असेल, तर तो श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असण्याची शक्यता आहे. पीडीएफमध्ये तो सुबक मराठी दिसतो, पण नोटपॅडमध्ये चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता उतरतो. वर्डची फाइल असेल आणि समोरच्याकडे तो फाँट नसेल, तर उघडल्याबरोबर स्क्रीनवरही तोच गुंता दिसतो. दुकानदाराला सांगा, युनिकोडमध्ये टाइप करून द्या आणि वर्डची मूळ फाइलही द्या. युनिकोडमधली मराठीसुद्धा पीडीएफमधून उचलताना कधीकधी काना-मात्रा इकडेतिकडे होतात. त्यामुळे मराठी रिझ्युमेची `.docx` हाताशी ठेवलेली बरी.

फाइलचा आकारही बरंच सांगतो. मजकुराचा एक-दोन पानांचा रिझ्युमे साधारण काहीशे केबीत बसतो. तो 5 एमबी झाला असेल तर आत मोठा फोटो आहे किंवा सगळं पानच फोटो आहे. फोटो जाहिरातीत मागितलेला नसेल तर काढून टाका. मागितला असेल तर वर्डमध्ये फोटोवर क्लिक करून `Compress Pictures` वापरा.

फाइलच्या आत लपलेलं नाव

हे फार थोड्यांना माहीत असतं. पीडीएफला बाहेरच्या नावाशिवाय आत एक शीर्षक आणि लेखकाचं नावही असतं. क्रोममध्ये फाइल उघडली की वरच्या टॅबवर फाइलचं नाव दिसेलच असं नाही. आत शीर्षक असेल तर ते दिसतं. तुम्ही मित्राच्या फाइलवर आपली माहिती लिहिली असेल किंवा नेटवरून साचा उतरवला असेल, तर टॅबवर मित्राचं नाव किंवा `Resume Template` असं झळकतं. सायबर कॅफेत केलेल्या फाइलच्या लेखकाच्या जागी कॅफेचं नाव असू शकतं.

दुरुस्ती सोपी आहे. वर्डमध्ये `File`, मग `Info` उघडा. उजव्या बाजूला `Title` आणि `Author` दिसतात. शीर्षकात `Snehal Jadhav Resume` असं लिहा, लेखकाच्या जागी स्वतःचं नाव घाला आणि मग पीडीएफ काढा. काढलेली पीडीएफ क्रोममध्ये ओढून टाका आणि टॅबवर काय दिसतं ते बघा.

फाइलचं नाव

तुमच्या संगणकावर तुमचा रिझ्युमे एकच असतो, त्यामुळे `Resume.pdf` हे नाव तिथे पुरतं. एचआरच्या फोल्डरमध्ये मात्र `Resume (14).pdf`, `Resume (15).pdf` अशी रांग लागते आणि त्यातली स्नेहल कोण, हे प्रत्येक फाइल उघडल्याशिवाय कळत नाही. तिचं नाव असं हवं:

```
Snehal_Jadhav_Resume_Accounts_Assistant.pdf
```

आधी नाव, मग आडनाव, मग `Resume`, मग पद. नाव पुढे घ्यायचं कारण असं की मोबाइलवर लांब नाव कापलं जातं आणि सुरुवातीचा भाग तेवढा नक्की दिसतो. शिवाय फोल्डरमध्ये फाइली अक्षरक्रमाने लागतात, तेव्हा नावावरून शोधता येतं. पदाचं नाव जाहिरातीत जसं आहे तसंच घ्या. जाहिरात `Accounts Assistant` म्हणत असेल तर तुम्ही `Junior Accountant` करू नका. एकाच कंपनीच्या चार जागा चालू असतात, तेव्हा याच शब्दांवरून वर्गवारी होते.

रिझ्युमेवर जे नाव आहे तेच फाइलवर आणि मेलच्या शेवटी असावं. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर वडिलांचं नाव मध्ये, आणि लग्नानंतर आडनावच वेगळं, असं सर्रास असतं. फाइलसाठी आज तुम्ही जे नाव वापरता ते घ्या. जुन्या प्रमाणपत्रांवर वेगळं आडनाव असेल तर त्याचा खुलासा कागदपत्रं तपासताना करायचा असतो, फाइलच्या नावात नाही.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत ठेवा, रिझ्युमे मराठीत असला तरी. देवनागरी नाव बहुतेक ठिकाणी नीट दिसतं, पण काही जुन्या प्रणालींमध्ये चढवल्यावर त्याची प्रश्नचिन्हं होतात. `/`, `:`, `?`, `*` यांसारखी चिन्हं विंडोजला चालत नाहीत. `#`, `%` आणि `&` लिंकमध्ये घोळ घालतात. शब्द जोडायला अंडरस्कोर किंवा आडवी रेघ पुरे. `final`, `new`, `latest`, `updated2` हे शब्द तुमच्या सोयीचे असतात, वाचणाऱ्याला त्यांतून काही कळत नाही. कंपनीचं नावही फाइलच्या नावात घालू नका. एका कंपनीचं नाव असलेली फाइल दुसऱ्या कंपनीला गेली, की पुढचा रिझ्युमे कितीही चांगला असला तरी वाचणाऱ्याचं मन उडतं. त्यापेक्षा प्रत्येक अर्जासाठी वेगळा फोल्डर करा. त्यात पाठवलेली पीडीएफ आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवा. मुलाखतीचा फोन येईपर्यंत जाहिरात अनेकदा निघून गेलेली असते, तेव्हा तो स्क्रीनशॉट कामी येतो.

विंडोज फाइलचं शेपूट लपवून ठेवतं, त्यामुळे नाव बदलताना `.pdf` हाताने लिहिलं की `Resume.pdf.pdf` तयार होतं. विंडोज 11मध्ये फोल्डर उघडून `View`, `Show`, `File name extensions` चालू करा, म्हणजे खरं नाव दिसेल. आणि वर्डच्या फाइलचं शेपूट `.docx`वरून `.pdf` असं नुसतं बदललं म्हणजे पीडीएफ होत नाही. अशी फाइल समोर उघडतच नाही.

मोबाइलवरून पाठवणाऱ्यांची अडचण वेगळी. व्हॉट्सॲपवर स्वतःला किंवा मित्राला पाठवून परत घेतलेली फाइल फोनमध्ये बरेचदा `DOC-20250612-WA0003.pdf` अशा नावाने साठते, आणि तीच मेलला जोडली जाते. फाइल मॅनेजरमध्ये जाऊन तिच्यावर बोट दाबून धरा, `Rename` निवडा, नाव बदला आणि मगच जोडा. एचआरने व्हॉट्सॲपवरच रिझ्युमे मागितला, तर `Document` म्हणून पाठवा. `Gallery`तून फोटो म्हणून पाठवला तर तो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात.

एक सूचना घरातल्या संगणकाबद्दल. लग्नासाठी केलेला बायोडेटाही त्याच फोल्डरमध्ये `Biodata.pdf` नावाने पडलेला असतो. नोकरीच्या फाइलवर `Resume` हा शब्द असला की चुकीची फाइल जोडली जात नाही.

विषयाची ओळ

जाहिरातीत विषय कसा लिहायचा ते सांगितलं असेल, तर अगदी तसाच लिहा. काही ठिकाणी त्या शब्दांवरून मेल आपोआप वेगळ्या फोल्डरमध्ये जातात. जॉब कोड दिला असेल तर तोही. काही सांगितलं नसेल तर पद, नाव, अनुभव आणि गाव एवढं पुरे:

```
Accounts Assistant - Snehal Jadhav - 3 years - Nashik
```

जाहिरात मराठीत असली तर हीच ओळ मराठीतही चालते. जुना अर्ज फॉरवर्ड करून नवा अर्ज कधीच पाठवू नका. विषयात `Fwd:` दिसतं आणि खाली तुम्ही आधी कुठे कुठे अर्ज केले तेही दिसतं. प्रत्येक वेळी कोरा मेल उघडा.

मेलमध्ये काय लिहायचं

मेल कोरा ठेवणं ही पहिली चूक. नुसतं `PFA`, म्हणजे ‘फाइल जोडली आहे’, एवढंच लिहिणं ही दुसरी. आणि रिझ्युमेतलंच सगळं पुन्हा तीन परिच्छेदांत लिहिणं ही तिसरी. मेल वाचणाऱ्याला फाइल उघडण्याआधी चार-पाच गोष्टी हव्या असतात: कोणतं पद, आता काय करता, जाहिरातीत मागितलेलं काम येतं का, कधी रुजू होऊ शकता आणि फोन कुठे करायचा. पहिली चाळणी यावरच होते.

मेलबॉक्सच्या यादीत विषयाच्या पुढे किंवा खाली मजकुराची पहिली ओळ दिसते. ती ‘आपल्या नामांकित संस्थेत सेवा करण्याची संधी मिळावी’ अशी असेल, तर ती जागा वाया गेली. स्नेहलचा मेल असा असेल:

> नमस्कार,
>
> आपल्या सातपूर येथील कारखान्यातील अकाउंट्स असिस्टंट पदासाठी अर्ज करत आहे. जाहिरात रविवारच्या वर्तमानपत्रात पाहिली. मी बी.कॉम. असून नाशिकमधील एका सीए कार्यालयात 3 वर्षे काम करते.
>
> सध्या माझ्याकडे 18 ग्राहकांच्या टॅलीप्राइममधील नोंदी, बँक ताळमेळ आणि दरमहा जीएसटीआर-1 व जीएसटीआर-3बी भरण्याचे काम आहे. टीडीएसचे काम गेले वर्षभर स्वतंत्रपणे पाहते. ई-वे बिलाचे काम थोडे केले आहे.
>
> नोटीस पिरियड 30 दिवसांचा आहे. राहायला सिडको, नाशिक येथे असल्याने सातपूरला रोज येणे सोयीचे आहे. अपेक्षित पगार दरमहा 26,000 ते 28,000 रुपये.
>
> रिझ्युमे सोबत पीडीएफमध्ये जोडला आहे. कामाच्या दिवशी सायंकाळी 6 नंतर फोनवर बोलता येईल.
>
> स्नेहल जाधव
> मोबाइल क्रमांक

पहिल्या परिच्छेदात पद, जाहिरात कुठे पाहिली आणि स्वतःची ओळख येते. जाहिरात कुठे पाहिली हे लिहायलाच हवं, कारण एकाच पदाची जाहिरात कंपनी दोन-तीन ठिकाणी देते आणि कुठून अर्ज येतात हे तिला बघायचं असतं. कुणी नाव सुचवलं असेल तर त्यांना विचारून त्यांचं नाव इथेच, पहिल्या ओळीत लिहा.

दुसरा परिच्छेद सगळ्यात मोलाचा. तो लिहिण्याआधी जाहिरात शेजारी उघडून ठेवा आणि त्यात मागितलेल्या गोष्टींवर एक-एक करून या. ‘मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी’ असं लिहिण्यापेक्षा ‘18 ग्राहक’ आणि ‘दरमहा’ हे दोन तपशील वाचणाऱ्याला कामाचा आवाका सांगून जातात. ई-वे बिलाचं काम थोडंच केलंय, हे स्नेहलने लिहिलंय ते मला पटतं. जाहिरातीत मागितलेली गोष्ट वगळली तर मुलाखतीत तोच प्रश्न पहिला येतो. एका छोट्या वाक्यात सांगितलं तर त्याची तयारी दोन्ही बाजूंची होते. आकडे मात्र रिझ्युमेशी जुळले पाहिजेत. मेलमध्ये 18 आणि रिझ्युमेत 25 असं दिसलं तर शंका येते.

तिसऱ्या परिच्छेदात नोटीस पिरियड दिवसांत लिहा. राजीनामा दिलेला असेल तर कामाचा शेवटचा दिवस तारखेसह द्या. ‘लवकरात लवकर’ यातून काही कळत नाही. फ्रेशर असाल तर ‘लगेच रुजू होऊ शकते’ एवढंच. पगाराचा आकडा जाहिरातीत मागितला असेल तरच द्या. इथे तो मागितला आहे, म्हणून तो आला. सध्याचा पगार विचारला नसेल तर स्वतःहून सांगायची गरज नाही. कामाचं ठिकाण दुसऱ्या गावात असेल तर तिकडे राहायला जाण्याची तयारी आहे की नाही, हे एका वाक्यात लिहा. नाहीतर गावाचं नाव बघूनच अर्ज बाजूला ठेवला जाऊ शकतो.

घरची परिस्थिती, आधीच्या साहेबांबद्दलची तक्रार, नोकरीची किती निकड आहे, यांतलं काहीही मेलमध्ये नको. ते खरं असतं हे मला माहीत आहे, पण या टप्प्यावर वाचणाऱ्याला त्यावरून काही ठरवता येत नाही.

जाहिरात इंग्रजीत असेल तर मेल इंग्रजीत लिहा. क्रम हाच ठेवा. फक्त ‘प्लीज फाइंड अटॅच्ड माय रिझ्युमे फॉर युवर काइंड पेरुजल’ या जुन्या कारकुनी वाक्याने सुरुवात करू नका. पदाचं नाव आणि अनुभव पहिल्या वाक्यात, जोडलेल्या फाइलचा उल्लेख शेवटी. वाक्यं लहान ठेवली की इंग्रजीचा धाक वाटणाऱ्यालाही ती नीट लिहिता येतात. इंग्रजीत ‘रिस्पेक्टेड सर’ लिहिण्यापेक्षा ‘डिअर सर/मॅडम’ लिहा. जाहिरातीत व्यक्तीचं नाव दिलं असेल तर ते नाव वापरा आणि स्पेलिंग तिथून उचलूनच चिकटवा.

पाठवायचा क्रम

आधी फाइल जोडा, मग मजकूर लिहा आणि पत्ता सर्वांत शेवटी भरा. असं केलं की अर्धवट मेल चुकून जात नाही. जोडलेल्या फाइलवर मेलमधूनच क्लिक करून ती उघडा. फोल्डरमध्ये नीट असलेली फाइल आणि जोडली गेलेली फाइल एकच आहे, याची खात्री तिथेच होते. मग तो मेल आधी स्वतःच्याच पत्त्यावर पाठवून मोबाइलवर उघडून बघा, कारण एचआरही अनेकदा मोबाइलवरच बघतात. तिथे तुमचं नाव कसं दिसतं तेही पाहा. शाळेत असताना उघडलेल्या खात्यावर टोपणनाव असेल तर जीमेलच्या `Settings`मधल्या `Accounts and Import` खाली `Send mail as` इथे ते बदलता येतं. तिथेच `General`मध्ये `Undo Send` 30 सेकंदांवर ठेवा, म्हणजे पाठवल्यावर काही लक्षात आलं तर मेल मागे घेता येतो.

एका मेलमध्ये एकच कंपनी. दहा एचआरचे पत्ते एकत्र टाकले तर प्रत्येकाला बाकीचे नऊ दिसतात. रिझ्युमे गूगल ड्राइव्हची लिंक देऊन पाठवू नका. परवानगी दिलेली नसेल तर समोरच्याला ती मागावी लागते आणि तेवढा वेळ कुणाकडे नसतो. पासवर्ड लावलेली पीडीएफ आणि झिप फाइल यांचंही तेच.

रिझ्युमेसोबत मार्कशीट, आधार, पॅन जोडू नका, जाहिरातीत स्पष्ट मागितल्याशिवाय. निवड झाल्यावर ते लागतातच. पहिल्याच मेलला उत्तर म्हणून कुणी आधार-पॅन आणि सोबत नोंदणीचे पैसे मागितले, तर तिथेच थांबा. नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे मागणारी जाहिरात खरी समजू नका.

पाठवल्यानंतर

चुकीची फाइल गेली असं लक्षात आलं, तर त्याच मेलला `Reply` करून योग्य फाइल जोडा आणि लिहा: ‘आधीच्या मेलमध्ये जुनी प्रत जोडली गेली होती. कृपया ही प्रत ग्राह्य धरावी.’ याहून जास्त माफी मागण्याची गरज नाही. वेगळा नवा मेल केला तर तुमच्या नावाने दोन अर्ज दिसतात आणि कोणता खरा हा प्रश्न उभा राहतो.

आठवडाभर उत्तर आलं नाही तर विचारायला हरकत नाही. तेही त्याच मेलच्या धाग्यात, दोन ओळींत: पदाचं नाव, कधी अर्ज केला ती तारीख आणि भरती अजून सुरू आहे का. `Reply` केल्यावर आधी जोडलेली फाइल सोबत जात नाही, ती फक्त `Forward`मध्ये जाते. त्यामुळे रिझ्युमे पुन्हा जोडा, त्याच नावाने. दरम्यान पगाराची अपेक्षा किंवा नोटीस पिरियड बदलला असेल तर तोही त्याच दोन ओळींत कळवा.